पत्रिकेत बोलतं कोण?

लग्न ठरलं, हॉल मिळाला, केटररला आगाऊ रक्कम पोचली, की घरात पत्रिकेचा विषय निघतो. कागद कुठला, रंग कुठला, गणपती सोनेरी हवा की लाल, यावर दोन दिवस जातात. मजकुराला मात्र दहा मिनिटं मिळतात. छापखानेवाला मागच्या सीझनची एक पत्रिका पुढे करतो, ‘यात फक्त नावं बदलून द्या’ म्हणतो आणि आपण नावं बदलून देतो. पत्रिका वाटून झाल्यावर आत्याचा फोन येतो. ‘छान झालीय हो पत्रिका. आमची नावं नसली तरी चालतं म्हणा आम्हाला.’ हा फोन आला, की मजकुराला दिलेली दहा मिनिटं कमी पडली असं समजावं.

या रुसव्यांचं मूळ बहुतेक वेळा एकाच गोष्टीत असतं. पत्रिकेत कोण बोलतंय हे आधी ठरवलेलं नसतं. वडील बोलत असतील तर मुलगा ‘आमचा चिरंजीव’. आजी बोलत असेल तर तोच ‘माझा नातू’. थोरले काका बोलत असतील तर ‘आमचा पुतण्या’. वधूवर स्वतः बोलत असतील तर ‘आम्ही’. कोणाच्या नावामागे काय लागेल, नमस्कार कुणाला आणि आशीर्वाद कुणाकडून, हे सगळं बोलणाऱ्याच्या जागेवरून ठरतं. नावं बदलून दिलेल्या पत्रिकेत पहिल्या ओळीत वडील बोलतात, तिसऱ्या ओळीत काका, तळाशी पुतणी, आणि मधे कुठेतरी छापखानेवालाही बोलून जातो.

जुन्या पत्रव्यवहारात ही पंचाईत नव्हती, कारण प्रत्येक पत्र एकालाच जायचं. आईवडिलांना ‘तीर्थरूप’, त्यांच्या जागी असलेल्या काका-मामांना ‘तीर्थस्वरूप’ आणि खाली ‘शि. सा. न. वि. वि.’, म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. बरोबरीच्या माणसाला ‘रा. रा.’ आणि ‘स. न. वि. वि.’. लहानाला ‘चि.’ आणि ‘अनेक आशीर्वाद’. शाळेत ज्यांनी पत्रलेखनाचे गुण मिळवले आहेत त्यांना ही उतरंड आठवत असेल. लग्नपत्रिका मात्र एकच छापायची आणि ती पंच्याऐंशी वर्षांच्या मावशीआजीलाही द्यायची, ऑफिसातल्या नव्या मुलालाही. मावशीआजीला साजेसा साष्टांग नमस्कार ऑफिसातल्या मुलाला घातला तर तो घाबरेल.

म्हणून छापील पत्रिकेवर ‘स. न. वि. वि.’ हा मधला मायना रूढ झाला. सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. हा कुणालाही चालतो, आणि कुणालाही चालतो म्हणूनच मोठ्यांचा खास मान त्यात बसत नाही. तो दुसरीकडे द्यावा लागतो. छापलेल्या भागात नावांच्या क्रमाने आणि उपपदांनी, आणि न छापलेल्या भागात, म्हणजे पाकिटावर आणि हाताने लिहिलेल्या ओळीत.

एक घर घेऊ. नावं काल्पनिक, नाती मात्र घरोघरची. अनिकेत पाटीलचं लग्न आहे. वडील प्रकाश, आई अनुराधा. आजोबा दत्ताजीराव वारले, आजी सुमतीबाई आहेत. थोरले काका मधुकर आणि काकू शालिनी. धाकटे काका वारले, त्यांच्या पत्नी जयश्री आहेत. एक आत्या, लग्नानंतर तिचं आडनाव वेगळं. एक मामा. आणि अनिकेतची मोठी बहीण, तिची छोटी मुलगी. वधू मृणाल, शिंद्यांची धाकटी मुलगी.

छापखान्यातून आलेला नमुना साधारण असा असतो: ‘आमचे येथे श्रीकृपेकरून आमचे ज्येष्ठ चिरंजीव चि. अनिकेत यांचा शुभविवाह श्री. शिंदे यांची कनिष्ठ कन्या चि. सौ. कां. मृणाल हिच्याशी करण्याचे योजिले आहे.’ खाली ‘आपले नम्र’ म्हणून ‘श्री. मधुकर, श्री. प्रकाश, कै. दत्ताजीराव, समस्त पाटील परिवार’. लांबून पाहिलं तर नेहमीची पत्रिका. जवळून पाहू.

‘आमचे चिरंजीव’ म्हणणाऱ्यांच्या सह्यांत मधुकरकाका पहिले आहेत. म्हणजे पत्रिकेच्या हिशेबाने अनिकेत त्यांचाही मुलगा झाला. एकत्र कुटुंबात ही भावना गोड आहे, पण सोयरे घरी येऊन ‘म्हणजे नेमके वडील कोण?’ विचारतात तेव्हा ती गोड राहत नाही. इथे दोन वाटा आहेत. फक्त आईवडिलांनी निमंत्रण द्यायचं असेल तर ‘आमचा ज्येष्ठ पुत्र’ ठेवावं आणि सही दोघांचीच करावी. थोरल्या भावाला निमंत्रक करायचं असेल, आणि अनेक घरांत तोच मान असतो, तर मजकूर तिऱ्हाइताच्या तोंडी घालावा: ‘सौ. अनुराधा व श्री. प्रकाश पाटील यांचे ज्येष्ठ चिरंजीव अनिकेत’. मग खाली कुणीही सही केली तरी नातं बिघडत नाही. ‘आमच्या येथे’ हे शब्द मात्र ठेवता येतात, कारण घर सगळ्यांचंच आहे.

‘चिरंजीव चि.’ म्हणजे एकाच शब्दाची दोनदा हजेरी. एक ठेवावा. याहून खटकणारी गोष्ट पुढे आहे. अनिकेत ‘यांचा’, मृणाल मात्र ‘हिच्याशी’. मुलाला आदरार्थी आणि मुलीला एकेरी. ही चूक इतकी रुळली आहे की वाचणाऱ्यालाही दिसत नाही, मुलीच्या आईला मात्र दिसते. एकतर दोघांना घरगुती ठेवावं, ‘याचा’ आणि ‘हिच्याशी’, किंवा दोघांना ‘यांचा’ आणि ‘यांच्याशी’. शिवाय मुलीच्या वडिलांचं नाव आहे आणि आईचं नाही, तेही त्याच पंक्तीतलं. पत्रिका मुलाकडची असली तरी ती पहिल्यांदा बारकाईने वाचतात ते मुलीकडचे लोक.

‘श्री.’चा नियम सोपा आहे आणि सर्वांत जास्त मोडला जातो. दुसऱ्याच्या नावामागे लावायचा, स्वतःच्या सहीमागे लावायचा नाही. मजकुरात ‘श्री. प्रकाश पाटील यांचे चिरंजीव’ योग्य, कारण तिथे त्यांच्याविषयी बोललं जातंय. ‘आपले नम्र’ लिहून खाली ‘श्री. प्रकाश’ लिहिलं की नम्रता तिथेच संपते. तिथे नुसतं ‘अनुराधा व प्रकाश पाटील’ पुरे. याच न्यायाने वधूवर स्वतः निमंत्रक असतील, हल्ली पुण्या-मुंबईत आणि परदेशातल्या मराठी घरांत ते बरंच दिसतं, तर त्यांनी स्वतःला ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ लावू नये. चिरंजीव हो असं दुसऱ्यानं म्हणायचं असतं. अशा पत्रिकेत मोठ्यांना जागा हवी तर पहिल्याच ओळीत मिळते: ‘आजीच्या आणि आमच्या आईवडिलांच्या आशीर्वादाने आम्ही विवाहबद्ध होत आहोत.’

आता सगळ्यांत नाजूक भाग. दत्ताजीराव ‘आपले नम्र’मध्ये आले आहेत, आणि नावामागे ‘कै.’ आहे. दिवंगत माणूस निमंत्रण देऊ शकत नाही. हे सांगायला नको असं वाटतं, पण अशा पत्रिका दर सीझनला छापल्या जातात, कारण घरातल्या थोरल्या मुलाच्या लग्नाची जुनी पत्रिका समोर ठेवलेली असते आणि तेव्हा आजोबा हयात होते. नाव तेच राहतं, मागे फक्त ‘कै.’ चिकटतं. दिवंगतांची जागा सह्यांत नाही, वंशाच्या ओळीत आहे: ‘कै. दत्ताजीराव व श्रीमती सुमतीबाई पाटील यांचे नातू’.

हे उपपद सगळ्यांचं सारखं नसतं, आणि छापखान्याचा नमुना मात्र सगळ्यांना ‘कै.’ लावून मोकळा होतो. वारकरी घरांत ‘वै.’, म्हणजे वैकुंठवासी, लिहितात. लिंगायत घरांत ‘लिं.’, लिंगैक्य. बौद्ध घरांत ‘कालकथित’. तिथे हयात माणसांनाही ‘श्री.’ऐवजी ‘आयु.’, म्हणजे आयुष्मान किंवा आयुष्मती, लावण्याची पद्धत आहे आणि विवाहाला ‘मंगल परिणय’ म्हणतात. गोव्याकडच्या पत्रिकेच्या माथ्यावर श्री मंगेश किंवा श्री शांतादुर्गा प्रसन्न असतात. सोयऱ्यांची पद्धत वेगळी असेल तर त्यांच्या मोठ्यांची नावं त्यांच्याकडूनच लिहून घ्यावीत, उपपदासकट. फोनवर ऐकून लिहिलेल्या नावात ‘सुमन’ची ‘सुमती’ होते आणि हयात माणसाच्या मागे ‘कै.’ लागतं. या दुसऱ्या चुकीला माफी नसते. पत्रिका पुन्हा छापावी लागते, आणि छापली तरी ते घर ती गोष्ट वीस वर्षं सांगतं.

सुमतीबाई आणि जयश्री यांच्या नावामागे काय लावायचं? जुन्या पत्रिकांत ‘गं. भा.’, म्हणजे गंगा भागीरथी, असे. त्याहून जुनी रीत म्हणजे नावच न घालणं. मुलाचे वडील वारले असतील तर निमंत्रक काका, आणि आई पत्रिकेत कुठेच नाही. ज्या बाईने मुलाला एकटीने वाढवलं तिला त्याच्या लग्नाच्या कागदावर जागा नाही, हा प्रकार आपण फार काळ निमूटपणे छापला. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवांसाठीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य सरकारनेही इतर गावांनी तसं करावं असं परिपत्रक काढलं. पुढच्याच वर्षी ‘विधवा’ शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरावा असा प्रस्ताव महिला व बालविकास मंत्र्यांकडून पुढे आला तेव्हा त्यावर टीका झाली, ती अनेक स्त्रियांनी केली. स्त्रीची ओळख नवरा असण्या-नसण्यावरून का ठरवायची, असा तो आक्षेप होता. माझं मत त्याच बाजूचं आहे. ‘श्रीमती’ लिहावं, आणि हयात असलेल्या आजीचं नाव आजोबांच्या आधी घेतलं तरी काही बिघडत नाही: ‘श्रीमती सुमतीबाई व कै. दत्ताजीराव’. मात्र एखादी आजी स्वतः ‘गं. भा. लिहा, मला तेच बरं वाटतं’ म्हणाली तर तिच्या नावापुरता निर्णय तिचा. विचारून लिहावं, एवढंच.

सह्यांच्या यादीत कोण कोण? इथेच खरे रुसवे होतात. यादी सुरू होते आईवडिलांपासून, मग काका-काकू, मग चुलतकाका, मग ज्यांनी हॉल मिळवून दिला ते, आणि शेवटी अक्षरं इतकी बारीक होतात की ज्यांच्यासाठी नाव घातलं त्यांनाच चष्मा लावूनही दिसत नाही. यादी कुठेतरी तोडावी लागते. ती पिढीवर तोडावी, माणसावर तोडू नये. वडिलांची सगळी भावंडं घ्यायची तर सगळी घ्यायची, चुलत नाही घ्यायची तर एकही नाही. दोन चुलतकाका घेतले आणि तिसरा राहिला, की ‘परिवार’ या शब्दात तो मावत नाही. पिढीत क्रम वयाचा. कमाईचा, पदाचा किंवा कुणी किती आहेर करणार याचा नाही.

पाटलांच्या यादीत आत्या राहिली ती आडनावामुळे. ‘समस्त पाटील परिवार’ म्हटलं की पाटलांच्या लेकी आपोआप गळतात. आत्या ही वडिलांची सख्खी बहीण, तिला ‘आप्तेष्ट’मध्ये ढकलणं बरं नाही. भावंडांच्या क्रमात तिच्या वयानुसार, तिच्या यजमानांसह, तिच्या आडनावाने तिचं नाव यावं. मामाचं वेगळं आहे. मराठी लग्नात मामा उभा राहतो तो बोहल्याशी, भाचीला किंवा भाच्याला घेऊन. त्यामुळे बहुतेक घरांत आजोळची वेगळी ओळ असते. ती ठेवावी, आणि मुलाकडे एक मामा असतो तसा मुलीकडेही असतो हे लक्षात ठेवावं.

मुलांची ओळ लोक गमतीने घालतात आणि गमतीतच चुकतात. ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ असं लिहून खाली पुतणे आणि भाच्यांची नावं एकत्र घातली, तर भाच्यांचा मामा काका झाला. अनिकेतच्या बहिणीची मुलगी त्याला मामाच म्हणणार. तिच्या नावावर ‘मामाच्या’ हवं. चुलत भावाची मुलं असतील तर त्यांच्यासाठी ‘काकाच्या’ वेगळं. वधूकडच्या पत्रिकेत हीच अडचण आत्या आणि मावशी यांच्यात येते. वाक्य मुलांचं आहे, तर ते मुलं घरात जसं बोलतात तसंच असावं.

शेवटची विनंतीही ऐकून घ्या. ‘शुभाशीर्वाद द्यावेत’ हे मोठ्यांना शोभतं, पण पत्रिका पुतण्यालाही जाते आणि अनिकेतहून दहा वर्षांनी लहान मुलगा आशीर्वाद कसले देणार? ‘उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद व शुभेच्छा द्याव्यात’ म्हटलं की दोघांचीही सोय होते. ‘कृपया आहेर आणू नये’ हे वाक्य भावना चांगली असूनही फटकन लागतं, जुन्या माणसांना जास्तच. ‘आपली उपस्थिती हाच आमचा आहेर’ यात नकार आहे आणि नकाराचा सूर नाही. तरीही मामाला आणि आत्याला तोंडाने सांगावं की हे तुमच्यासाठी नाही, कारण त्यांचा आहेर हा विधीचा भाग असतो आणि तो नाकारणं म्हणजे नातं नाकारणं. ‘नजरचुकीने पत्रिका मिळाली नसल्यास हेच निमंत्रण समजावे’ ही ओळ वर्तमानपत्रातल्या निवेदनात ठीक आहे. छापील पत्रिकेवर ती कुणासाठी असते कळत नाही. वाचणाऱ्याच्या हातात पत्रिका आलेलीच असते. आणि जुन्या पत्रिकांत ‘शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे’ असं सर्रास असे. तेव्हा त्याचा अर्थ सोयरीक एवढाच होता. आज कुणी जुनी पत्रिका समोर ठेवून नवी लिहीत असेल तर हा शब्द आधी काढावा.

सगळं सुधारल्यावर पाटलांचा मजकूर असा होतो:

॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥
स. न. वि. वि.
आमच्या येथे श्रीकृपेने, श्रीमती सुमतीबाई व कै. दत्ताजीराव पाटील यांचे नातू आणि सौ. अनुराधा व श्री. प्रकाश पाटील यांचे ज्येष्ठ चिरंजीव अनिकेत यांचा शुभविवाह, सौ. व श्री. शिंदे यांची कनिष्ठ कन्या चि. सौ. कां. मृणाल यांच्याशी करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद व शुभेच्छा द्याव्यात, ही नम्र विनंती.
निमंत्रक: शालिनी व मधुकर पाटील
आपले नम्र: अनुराधा व प्रकाश पाटील, जयश्री पाटील, आत्या व त्यांचे यजमान
आजोळ: मामा व मामी

आत्या, यजमान, मामा, मामी इथे अर्थातच नावं येतील, आणि शिंद्यांची पूर्ण नावं. तिथी, शक, वार, मुहूर्त आणि पत्ता यांना वेगळ्या ओळी द्याव्यात, मजकुरात कोंबू नयेत. जयश्रीकाकूंचं नाव एकट्याने आलं आहे, आणि तसंच यायला हवं.

आता पाकीट. छापील मजकुरात जे बसलं नाही ते इथे बसवता येतं. ‘श्री.’ एवढंच लिहून नाव घातलं तर खेड्यापाड्यात त्याचा अर्थ एकाने यावं असा घेतला जातो. ‘श्री. व सौ.’ लिहिलं तर दोघांनी. ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहिलं तर घरातल्या सगळ्यांनी. विदर्भ-मराठवाड्यात अनेक ठिकाणी ‘चूलबंद आमंत्रण’ म्हणतात, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटू नये, सगळ्यांनी जेवायला यायचं. कुणाला किती जणांचं बोलावणं आहे ते पाकिटावर लिहिताना ठरतं, त्यामुळे ते काम घाईत भाच्याकडे देऊ नये.

पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवून मग घरातल्या मोठ्यांना द्यायची ही रीत बहुतेक घरांत आहे. ज्यांना घरी जाऊन अक्षता आणि हळदकुंकवासह पत्रिका द्यायची त्यांची वेगळी यादी करावी, आणि त्यांच्या प्रतीवर कोऱ्या जागेत पेनाने दोन ओळी लिहाव्यात. ‘ती. स्व. मावशीआजींस शि. सा. न. आपण आल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत.’ छापलेली पत्रिका शेकडो जणांना सारखीच मिळते, ही दोन ओळींची प्रत एकीलाच मिळते. परदेशी राहणाऱ्यांना किंवा दूरच्यांना पत्रिकेची पीडीएफ जाईल, तेव्हाही वर ‘ती. स्व. काका, सा. न.’ असं स्वतः टाइप केलेलं असावं. नुसती फाइल आणि खाली हात जोडल्याचं चित्र, याला पत्रिका पाठवणं म्हणत नाहीत.

छपाईला ‘ओके’ म्हणण्याआधी प्रूफ घरातल्या सर्वांत वयस्क बाईला मोठ्याने वाचून दाखवा. मजकूर मनातल्या मनात वाचला तर चुका दिसत नाहीत, आणि कुणाचं नाव राहिलं, कोण वारलं, कोण कुणाहून मोठं, याची नोंद तिच्याइतकी पक्की दुसऱ्या कुणाकडे नसते. तिने ‘थांब’ म्हटलं की थांबा. छापून झाल्यावर तिने थांबवलं तर दुसऱ्या छपाईचे पैसे तुमचेच जाणार आहेत.